मेमरी कार्डावर काही लिहिलंच जात नाहीये, आणि डिलीट केलेलं सगळं परत येतंय

ओवीवेल
नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यातल्या गावांमधून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करते, गेली चार वर्षं. हातात धरायचा छोटा ऑडिओ रेकॉर्डर आहे, त्यात ३२ जीबीचं मायक्रो कार्ड. गेल्या रविवारी ८४ वर्षांच्या एका आजींकडे बसले होते, ५० मिनिटं त्या म्हणत होत्या, रेकॉर्डरवर आकडे नीट पळत होते, कुठलाही एरर नाही. स्टॉप केलं, बंद केला, घरी येऊन चालू केला तर ती फाईलच नाही! आधीच्या १३ आहेत, १४ वी नाही.

मग कार्ड अडॅप्टरमध्ये घालून लॅपटॉपला लावलं. काहीतरी कॉपी करून बघावं म्हटलं तर The disk is write-protected असं आलं. अडॅप्टरची ती छोटी पट्टी वरखाली केली, तर मेसेज गेला. म्हटलं सुटलो. एक जुनी फाईल डिलीट केली, झाली. कार्ड काढून परत घातलं तर ती फाईल जागच्या जागी. १३ पैकी ११ माझ्याकडे आधीच कॉपी होत्या, उरलेल्या २ घेतल्या आणि सरळ फॉरमॅट मारला, तोही झाला म्हणे, कार्ड रिकामं दिसलं. काढून घातलं, परत १३ च्या १३ हजर.

हे काय आहे? पट्टीचा दोष आहे की कार्डाचा? आणि १४ वी फाईल कुठूनतरी मिळेल का, मला खरं तर तेवढंच हवंय.

नवीमुंबईकर
लॉकची पट्टी पूर्ण वर सरकवा, अर्धवट राहिली असेल.

कोकणकडा
पट्टीच आहे ही. मायक्रो कार्डाला स्वतःचं लॉक नसतं म्हणून अडॅप्टरला देतात, ती खाली केली की आतली चिप लॉक होते आणि मग कितीही डिलीट करा काही होत नाही. पट्टी सैल झाली असेल तर त्या खाचेवर सेलोटेप लावा, माझं एक जुनं कॅमेऱ्याचं कार्ड असंच तीन वर्षं चाललंय.

सोल्डर_आणि_चहा
कोकणकडा, टेपचा उपाय बरोबर आहे पण कारण उलटं आहे. पट्टी कुठल्याच चिपला लॉक करत नाही. ती नुसती प्लास्टिकची चकती आहे, तिला एकही वायर जोडलेली नसते आणि कार्डाला तिचा पत्ताही नसतो. स्लॉटच्या आत एक बारीक खटका असतो, कार्ड आत गेलं की पट्टी त्या खटक्याला दाबते किंवा दाबत नाही, आणि त्यावरून लॅपटॉप ठरवतो की लिहायचं की नाही. म्हणजे नकार लॅपटॉप देतो, कार्ड नाही. म्हणूनच पट्टी तुटून पडली तर कार्ड कायमचं लॉक दिसतं, आणि खाचेवर टेप लावली की खटका परत दाबला जातो. टेप पातळच घ्या, जाड घेतली तर कार्ड स्लॉटमध्ये अडकतं. काही यूएसबी रीडर तर त्या खटक्याकडे बघतच नाहीत, त्यांत लॉक केलेलं कार्डही बिनधास्त लिहिलं जातं.

आता ओवीवेल ताईंचा किस्सा नीट वाचा. रेकॉर्डरमध्ये मायक्रो कार्ड थेट बसतं, तिथे अडॅप्टर नाही, पट्टी नाही. तरी १४ वी फाईल तिथेच हरवली. म्हणजे ती हरवण्याशी पट्टीचा काही संबंध नाही. लॅपटॉपवरचा मेसेज सैल पट्टीचा असणार, तो सरकवल्यावर गेलाच. इथे दोन वेगळे दोष एकाच दिवशी दिसले आणि पहिल्याने दुसऱ्याला झाकलं.

ताई, तीन गोष्टी करा. कार्डावर आता काहीही लिहायचा प्रयत्न करू नका, फॉरमॅट तर अजिबात नाही. दुसऱ्या रीडरमधून एकदा बघा. आणि १३ फाईली नुसत्या कॉपी झाल्या म्हणून थांबू नका, उघडून शेवटपर्यंत ऐका.

सुमनताई_जळगाव
माझ्याही मोबाईलमध्ये असंच होतंय, मेमरी फुल दाखवतो आणि ॲप कार्डवर जातच नाहीत. फोटो डिलीट केले तरी जागा होत नाही. कोणता क्लीनर टाकू?

नवीमुंबईकर
सुमनताई तुमचा प्रश्न वेगळा आहे, इथे कार्ड लिहूनच घेत नाहीये. गॅलरीत डिलीट केलेले फोटो महिनाभर ट्रॅशमध्ये पडून असतात, तो फोल्डर आधी रिकामा करा. क्लीनर कुठलाच टाकू नका.

शेतावरून
ओवीवेल, विंडोज असेल तर डिस्कपार्टमधून रीड-ओन्ली काढता येतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि

```
diskpart
list disk
select disk 2
attributes disk
attributes disk clear readonly
```

इथे 2 च्या जागी तुमच्या कार्डाचा नंबर. साईज बघूनच निवडा, ३२ जीबीचं कार्ड साधारण २९ जीबी दिसतं. चुकून लॅपटॉपची डिस्क निवडू नका.

ओवीवेल
@शेतावरून केलं. attributes disk ला Read-only आणि Current Read-only State दोन्हीपुढे No आहे. शेवटची ओळ त्यामुळे दिलीच नाही. म्हणजे विंडोजच्या मते कार्ड उघडं आहे. दुसऱ्या यूएसबी रीडरमध्येही तसंच, डिलीट होतं आणि परत येतं.

@सोल्डर_आणि_चहा १३ पैकी १३ शेवटपर्यंत ऐकल्या, सगळ्या चांगल्या आहेत. दोन रात्री गेल्या त्यात.

फोटोवाला_नगर
मला वाटतं फाईल सिस्टीम खराब आहे. मी लग्नाचे फोटो काढतो. मागच्या सीझनला हळदीला कॅमेऱ्याची बॅटरी फोटो लिहितानाच संपली, नंतर ते कार्ड कॅमेरा घेईना. घरी लिनक्स आहे, तिथे लावलं तर वाचत होतं पण लिहू देईना. लॉग बघितला तर हे

```
FAT-fs (sdb1): error, fat_get_cluster: invalid cluster chain (i_pos 0)
FAT-fs (sdb1): Filesystem has been set read-only
```

म्हणजे कार्ड ठणठणीत होतं, फक्त कुठली फाईल कुठे आहे त्याची जी यादी असते तीच अर्धवट लिहिली गेली होती, आणि लिनक्सने आणखी वाटोळं होऊ नये म्हणून स्वतःच लिहिणं बंद केलं. मी आधी सगळे फोटो काढून घेतले, मग विंडोजवर

```
chkdsk E: /f
```

मारला, मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं. तेच कार्ड आजही वापरतो. तुम्हीही करून बघा.

सोल्डर_आणि_चहा
फोटोवाला, तुमच्या केसमध्ये तेच योग्य होतं. पण फरक बघा. तुमचा फॉरमॅट टिकला. कार्ड काढून घातल्यावर रिकामंच राहिलं ना? यांचा टिकत नाही. यादी बिघडली असेल तर फॉरमॅट नवी यादी लिहितो आणि विषय संपतो. इथे नवी यादीच कार्डात उतरत नाहीये. chkdsk ने सुद्धा दुरुस्त केलं असं सांगितलं असतं, आणि कार्ड काढून घातल्यावर जुनं जसंच्या तसं.

मग मधल्या वेळात कार्ड रिकामं का दिसतं? कारण लॅपटॉप दर वेळी कार्डाला विचारत नाही, त्याने जे लिहिलं असं त्याला वाटतं त्याची प्रत रॅममध्ये असते आणि तीच तो दाखवतो. कार्ड बाहेर काढलं की ती प्रत जाते. परत घातलं की खरं काय आहे ते दिसतं. म्हणून असल्या कार्डाची परीक्षा एकच, एक छोटी फाईल टाकायची, सेफली रिमूव्ह करायचं, कार्ड हातात घ्यायचं, परत घालायचं आणि बघायचं. ताईंनी ही परीक्षा नकळत दोनदा घेतलीये.

कार्डाच्या आत एक कंट्रोलर असतो. लिहिण्याचा हुकूम येतो, तो "झालं" म्हणून उत्तर देतो, पण फ्लॅशमध्ये काही उतरवत नाही. रेकॉर्डरचे आकडे म्हणून पळत राहिले, त्याला दर सेकंदाला "झालं" असंच ऐकू येत होतं.

नवीमुंबईकर
आमच्या पोरासारखं आहे कार्ड. हो म्हणतं, करत नाही.

कोकणकडा
पट्टीबद्दल समजलं, आजवर मी उलटंच सांगत होतो सगळ्यांना. पण कंट्रोलर असं का करेल? मला तर वाटतं ठरावीक वर्षांनी कार्ड बंद पडावं असं कंपन्याच आत घालून ठेवतात, म्हणजे नवीन घ्यावं लागतं.

सोल्डर_आणि_चहा
वर्षांचं घड्याळ कार्डात नसतं, झीज मात्र असते. फ्लॅशच्या सेलमध्ये विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो, पातळ इन्सुलेशनच्या आड. पुसताना मोठं व्होल्टेज देऊन तो बाहेर ओढावा लागतो आणि दर वेळी ते इन्सुलेशन थोडं खराब होतं. शेवटी भार टिकत नाही. आणि एकच छोटी जागा पुसता येत नाही, पुसायचं म्हणजे अख्खा ब्लॉक, काही एमबीचा. आजकालच्या साध्या कार्डात एका सेलमध्ये ३ बिट असतात, ते ढोबळमानाने काही शे ते हजारेक वेळा पुसणं सोसतात.

खराब ब्लॉकच्या जागी वापरायला कंट्रोलरकडे थोडे राखीव ब्लॉक असतात. ते संपले की त्याच्यापुढे दोनच वाटा, लिहीत राहून जुना डेटाही घालवायचा, किंवा लिहिणं थांबवून आहे ते वाचू द्यायचं. त्याने थांबवलं म्हणूनच ताईंच्या १३ फाईली जिवंत आहेत, त्यामुळे थांबवण्याला मी दोष देणार नाही. दोष दिसतो तो गप्प राहण्यात. आपण रीड-ओन्ली झालो हे सांगायची सोय कार्डात आहे, काही कार्डं सांगतात, मग लॅपटॉप लगेच मेसेज देतो. हे कार्ड सांगत नाही.

कोकणकडा
थांबवण्याचं पटलं. गप्प राहण्यामागे मात्र मला अजून विक्रीचाच वास येतो. असो.

टॅक्सी_बावधन
माझं डॅशकॅमचं कार्ड असंच गेलं. मी पुणे मुंबई गाडी चालवतो, दिवसाला दहा बारा तास कॅमेरा चालू. दीड वर्षानंतर एकदा खोपोलीजवळ मागून एकाने ठोकलं, पोलिसांना दाखवायला व्हिडिओ काढला तर कार्डात दोन महिन्यांपूर्वीचे व्हिडिओ. दोन महिने लाल लाईट लुकलुकत होता, लिहीत काहीच नव्हता. इतके दिवस वाटायचं कॅमेरा खराब होता.

सोल्डर_आणि_चहा
टॅक्सीवाले भाऊ, तुमचा हिशोब घालून बघू. समजा कॅमेरा सेकंदाला १.५ एमबी लिहितो, फुल एचडीला एवढं सहज होतं. म्हणजे तासाला ५.४ जीबी. ३२ जीबीचं कार्ड सहा तासांत भरतं आणि मग जुनं पुसून त्यावर नवीन. दहा तास चालवलंत तर दिवसाला दीडदा पेक्षा जास्त, वर्षाला सहाशेच्या आसपास वेळा अख्खं कार्ड पुसलं जातं. दीड वर्षात नऊशे. शिवाय दर मिनिटाला नवी फाईल, प्रत्येक फाईलमागे यादीत बदल, तो जास्तीचा मारा वेगळा.

ताईंच्या रेकॉर्डरचा हिशोब मात्र जुळत नाही. चांगल्या क्वालिटीचा स्टिरिओ ऑडिओ तासाला १ जीबी जातो. चार वर्षं रेकॉर्ड केलं तरी अख्खं कार्ड दहा पंधरा वेळाही भरलं नसणार. एवढ्याने झिजायला नको. मला इथे कोडं आहे.

नवीमुंबईकर
डुप्लिकेट कार्ड असेल. बाजारात ८ जीबीवर ३२ चं स्टिकर लावून विकतात.

सोल्डर_आणि_चहा
त्याची खूण वेगळी. तसलं कार्ड ८ जीबीपर्यंत व्यवस्थित लिहितं, त्यापुढच्या फाईली नावाला दिसतात पण उघडत नाहीत. जुन्या फाईली परत येणं हे त्याचं लक्षण नाही. घटिया फ्लॅश घातलेलं असू शकेल, ते नाकारत नाही.

ताई, १४ व्या फाईलसाठी शेवटचा प्रयत्न म्हणून अख्ख्या कार्डाची इमेज काढा, कुणाकडे लिनक्स असेल तर. आधी lsblk देऊन कार्डाचं नाव बघा, मग

```
sudo ddrescue -d -r3 /dev/sdb card.img card.map
```

sdb च्या जागी जे नाव असेल ते, पाठीमागे आकडा लावू नका, अख्खं कार्ड हवंय. पुढे जे काय शोधायचं ते card.img मध्ये शोधायचं, कार्डाला हात न लावता. फोटोरेक नावाने फोटोंचं वाटतं पण ते ऑडिओ, व्हिडिओही शोधतं. पण खरं सांगू का, मला आशा नाही. डिलीट झालेली फाईल परत मिळते कारण ती सेलमध्ये अजून असते. ही कधी उतरलीच नाही.

फोटोवाला_नगर
ओवीवेल, तुम्ही साताऱ्यात असाल तर माझा भाचा तिथे आहे, लिनक्सचा लॅपटॉप आहे त्याच्याकडे. व्यनि करतो.

ओवीवेल
काल रात्री जाऊन आले, फोटोवालांचे मनापासून आभार, त्यांच्या भाच्याने दोन तास बसून केलं. इमेज एकाही एररशिवाय निघाली. फोटोरेक चालवलं. १३ ओव्यांच्या फाईली मिळाल्या, माझ्या जुन्या डिलीट केलेल्या चार मिळाल्या, आणि १४ वी नाही.

पण बाकी काय निघालं ते ऐका. शेकड्यांनी व्हिडिओ, एकेक मिनिटाचे. रस्ता, टोल नाका, बोगदा, पुढच्या ट्रकची पाटी! मी चक्रावले, म्हटलं हे कुठून आलं. मग दादाला फोन केला. त्याची गाडी कंपनीला लावलेली असते, चार वर्षांपूर्वी मी रेकॉर्डर घेतला तेव्हा "कार्ड कशाला विकत घेतेस, माझ्याकडे आहे" म्हणून त्यानेच डॅशकॅममधलं काढून दिलं होतं. मी विसरूनच गेले होते. त्याच्याकडे ते दोनेक वर्षं रोज चालत होतं.

सोल्डर_आणि_चहा
सुटलं कोडं, निदान बरंचसं. तुमच्या हातात आलं तेव्हाच ते बहुतेक संपत आलं होतं. तुम्ही ऑडिओचं हलकं काम दिलंत म्हणून चार वर्षं निघाली. पण अगदी खात्रीने "झिजलं" असं मी म्हणणार नाही. कंट्रोलरची आतली नोंद बिघडली तरी कार्ड असंच वागतं, आणि एसएसडीमध्ये जसा झिजेचा आकडा वाचता येतो तसा बहुतेक साध्या कार्डांत बाहेरून दिसत नाही.

टॅक्सी_बावधन
मग मी काय घेऊ? दुकानदार हाय एन्ड्युरन्स लिहिलेलं कार्ड देतोय, दुप्पट किंमत.

सोल्डर_आणि_चहा
घ्या. आणि ३२ ऐवजी १२८ जीबी घ्या, तेवढाच व्हिडिओ चौपट जागेत फिरतो म्हणजे प्रत्येक सेल चौथाई वेळा पुसला जातो. डॅशकॅमला १२८ चालतं का ते आधी बघा. आणि महिन्यातून एकदा कार्ड काढून शेवटच्या व्हिडिओची तारीख बघा. लाल लाईट फक्त कॅमेरा चालू आहे एवढंच सांगतो.

शेतावरून
ओवीवेल, कार्ड फेकू नका, वॉरंटीत बदलून मिळतं काही कंपन्यांचं.

फोटोवाला_नगर
देण्याआधी विचार करा. त्यातलं काही पुसता येणार नाहीये हे लक्षात आहे ना? सगळ्या ओव्या, दादाच्या गाडीचे व्हिडिओ, जसेच्या तसे जाणार. माझ्याकडे ग्राहकांचे घरचे फोटो असतात, मी असलं कार्ड कुणाला देत नाही, पकडीने मधोमध दोन तुकडे करतो.

ओवीवेल
वॉरंटी नकोच. आजींनी काही ओव्या "हे फक्त तुला" म्हणून सांगितल्यात, त्या कार्डासकट कुठे जाऊ देणार नाही. इमेज दोन ठिकाणी ठेवलीये, तुकडेही करेन, पण आत्ता हात होत नाही.

आजींच्या सुनेला फोन केला होता. सगळं सांगितलं. आजी म्हणाल्या, "मग ये की परत, जातं काय कुठं पळून जातंय का." पण ज्या ओव्या त्या दिवशी सुचल्या त्याच परत येतील असं नसतं, त्यात त्यांच्या मोठ्या बहिणीवरची एक होती, ती त्यांनी आधी कधीच म्हटली नव्हती. मला पहिली ओळ आठवतेय, दुसरी नाही.

शनिवारी जातेय. दोन नवीन कार्डं घेतलीत, काल दोन्हींवर फाईल टाकून, काढून, परत घालून बघितली, राहतेय. तिथे पाच मिनिटं रेकॉर्ड करून रेकॉर्डर बंद करून चालू करेन आणि फाईल वाजवून बघेन, मगच पुढे.

सोल्डर_आणि_चहा
आणि मोबाईलचं रेकॉर्डिंग बाजूला चालू ठेवा, आवाज कसाही असो. त्या बहिणीच्या ओवीची दुसरी ओळ मिळाली तर इथे कळवा.